🦉 एकच, मग काका का चिडले?

प्रश्न: इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर 🦉 टाकलं तर काका भडकले, जपानच्या क्लायंटला मात्र ते शुभ वाटलं. असं कसं?

इमोजींचे क्रमांक ठरवणाऱ्या युनिकोड संस्थेने 2016 साली या चित्राला U+1F989 हा क्रमांक आणि ‘घुबड’ एवढंच नाव दिलं. अर्थ वाचणाऱ्याची भाषा भरते. जपानीत घुबड म्हणजे फुकुरो. तोच उच्चार ‘कष्ट नाहीत’ अशा अक्षरांनीही लिहिता येतो, म्हणून तिथे ते शुभ. इंग्रजीत ते शहाणपणाचं चिन्ह, आणि लहान मुलांच्या दप्तरावर नुसतंच गोंडस.

इंदुरात मात्र मराठी घरातही हिंदी कानात असतेच, त्यामुळे 🦉 दिसलं की आधी ‘उल्लू’ ऐकू येतं. मराठीतलं घुबडही काही कौतुकाचं नाही, ते अपशकुनी! काकांनी चुकीची तारीख टाकली आणि खाली तुमचं एकटं 🦉 आलं, तर तो टोमणाच ठरतो. तेच लक्ष्मीपूजनाला 🪔🦉 असं पाठवलं तर लक्ष्मीचं वाहन आठवतं. तरी सोबत ‘शुभ दीपावली’ लिहाच, कारण काहींना लक्ष्मी म्हटलं की कमळच आठवतं. कुणाच्या चुकीला उत्तर म्हणून एकटं घुबड टाकू नका, हसरा चेहरा जोडला तर टोमणा आणखी बोचतो.