पन्नास सेकंदांत कार्ड संपतं, पुढचं सव्वा मिनिट काय बोलायचं?

प्रश्न: मी नर्स आहे, आयईएलटीएसची तयारी करतेय. स्पीकिंगला 7 बँड हवेत. विषयाचं कार्ड देतात, त्यावर दोन मिनिटं बोलायचं असतं, पण माझं पन्नास सेकंदांतच सगळं सांगून होतं. मग तेच तेच वाक्य फिरवून फिरवून बोलत राहते. इंग्रजी तसं बरं आहे, पण सुचतच नाही. काय करू?

उत्तर:

ताई, या परीक्षेची तयारी मी बऱ्याच जणांकडून करून घेतली आहे. पन्नास सेकंदांत अडकणाऱ्यांचं इंग्रजी बहुतेक वेळा ठीकच असतं. त्यांचा घोळ वेगळाच असतो: ते कार्डवरच्या चार ओळींना चार प्रश्न समजतात आणि प्रत्येकाला एकेक उत्तर देऊन मोकळे होतात.

एक नेहमीच्या धाटणीचं कार्ड घेऊ: घरात खूप वर्षं असलेल्या जुन्या वस्तूबद्दल सांगा. ती काय आहे, घरात कशी आली, कशासाठी वापरली जाते, आणि ती का जपून ठेवली आहे. समजा तुम्ही आजीचं शिलाई मशीन निवडलंत. 'आमच्याकडे आजीचं मशीन आहे. आजोबांनी घेऊन दिलं. त्यावर कपडे शिवतात. ते आम्हाला फार महत्त्वाचं आहे, कारण त्याच्याशी आठवणी जोडलेल्या आहेत.' झालं, कार्ड संपलं. आता घड्याळ चालूच आहे म्हटल्यावर माणूस शेवटच्याच वाक्याला लोंबकळतो. फार उपयोगी आहे, फार जुनं आहे, म्हणून फार महत्त्वाचं आहे. मत एका वाक्यात संपतं आणि लांबवायला गेलं की त्याचीच पुनरुक्ती होते. एखाद्या दिवसाची हकीकत मात्र लवकर संपत नाही, कारण तिच्यात 'मग काय झालं' हे असतंच.

आणि याचे मार्क जातात, हेही खरं. बँड 5 चं जाहीर वर्णनच असं आहे की उमेदवार बोलत राहतो, पण त्यासाठी पुनरुक्तीचा, स्वतःला दुरुस्त करण्याचा किंवा संथ बोलण्याचा आधार घेतो. 7 ला लांब बोलणं फारसा प्रयास न जाणवता यावं लागतं.

म्हणून तयारीचं जे एक मिनिट मिळतं त्यात वाक्यं लिहू नका. लिहायला कागद-पेन्सिल देतात. त्यावर फक्त नामं लिहा, आणि ती काळाच्या क्रमाने. मशीनसाठी मी असं लिहीन:

काळं, सोनेरी नक्षी, पायडल
आजी, हप्ते
जून, गणवेश, वीज गेली, टॉर्च
आता: मोबाइल, कुंडी
भंगारवाला, आई

आता हे बोलताना काय होतं बघा. सुरुवातीची वीस सेकंदं मशीन कसं दिसतं यात जातात: काळा रंग, बाजूची सोनेरी नक्षी, खाली लोखंडी पायडल, आणि चाकावरचा चामडी पट्टा सारखा निसटायचा. पुढची वीस सेकंदं ते घरात कसं आलं: आजोबांनी हप्त्यांवर घेतलं, आणि ते हप्ते आजीने शेजारणींच्या साड्यांना फॉल लावून फेडले. मग मधलं पाऊण मिनिट एकाच रात्रीला द्या. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी गणवेश अर्धवट होता, पाऊस सुरू झाला, वीज गेली. मशीन पायावर चालणारं, त्याला विजेची गरजच नाही, पण सुई दिसायला उजेड हवा. म्हणून तुम्ही टॉर्च धरून उभ्या होतात. हात हलला की आजी ओरडायची. मध्येच बॉबीनचा दोरा संपला. एवढं सांगायला पाऊण मिनिट कसं गेलं कळत नाही आणि एकही वाक्य दुसऱ्यांदा येत नाही. मग आता काय, तर झाकण लावून त्यावर कुंडी ठेवली आहे, मोबाइल तिथेच चार्जिंगला असतो. शेवटची पंधरा सेकंदं चौथ्या ओळीला. भंगारवाल्याने भाव सांगितला तेव्हा आईने काय उत्तर दिलं, ते सांगितलंत की 'का जपून ठेवलं' याचं उत्तर आपसूक आलं. 'आठवणी' हा शब्दसुद्धा लागला नाही.

चार ओळींना सारखा वेळ द्यायचा नाही, हे यातलं मुख्य. जिथे प्रसंग आहे तिथे रेंगाळा, बाकीच्या उरका. पण चौथी ओळ बहुधा 'का' विचारते, तिला बगल देऊ नका.

नामं मराठीत लिहिलीत तरी चालतं. फक्त त्याच मिनिटात एक नजर टाका की कुठल्या शब्दावर इंग्रजीत अडाल. बॉबीन इंग्रजीतही बॉबीनच. फॉलला मात्र सोपा इंग्रजी शब्द नाही, तेव्हा 'साडीच्या खालच्या काठाला आतून लावतात ती पट्टी' एवढं सरळ सांगायचं. हे आधी ठरवलं नाही, तर वाक्याच्या मध्येच ब्रेक लागतो.

तरीही मध्येच कोरडं पडलंच, तर शेवटच्या नामाला दोनपैकी एक प्रश्न विचारा: त्याआधी कसं होतं? आणि हे नसतं तर? मशीन यायच्या आधी आजी सगळं हाताने टाके घालून शिवायची. मशीन नसतं तर गणवेश शिंप्याकडे टाकावे लागले असते आणि ते वेळेवर मिळाले नसते. शिवाय यातून भूतकाळातली सवय आणि 'झालं असतं' वाली वाक्यरचना आपोआप येते, आणि व्याकरणाचे वेगळे गुण असतातच.

गोष्ट खरीच हवी का, असं विचारतात. परीक्षक खरं-खोटं तपासत नाही. पण खोट्यात पुढचा तपशीलही बनवावा लागतो आणि इंग्रजीही जुळवावं लागतं, दोन्ही एकदम जमत नाही. म्हणून आजोबांचं पदक वगैरे भारदस्त वस्तू शोधू नका. जिला तुम्ही हात लावलेला आहे ती निवडा. पाठ केलेलं भाषण तर नकोच. अशा वेळी बोलण्याचा वेग आणि चाल बदलते, ते लगेच कळतं, आणि कार्ड थोडं फिरवलेलं असलं की चौथी ओळ अनुत्तरित राहते.

पुनरुक्ती ओळखायला फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकून शब्दशः लिहून काढा. मग प्रत्येक वाक्य मोबाइलच्या किंवा पंख्याच्या कार्डवरही जसंच्या तसं चालेल का ते बघा. चालत असेल तर खोडा. 'फार उपयोगी आहे' लगेच उडेल. 'वीज गेली तरी चालायचं' उरेल. 'मशीन' हा शब्द पुन्हा पुन्हा आला म्हणून घाबरू नका, त्याला पर्याय शोधत बसण्यात जास्त अडखळाल. नडते ती तीच कल्पना परत येणं. खोडून झाल्यावर जे उरलं तेवढंच तुमचं खरं बोलणं होतं. त्याच कार्डवर, नव्या नामांनी, लगेच पुन्हा बोला.

शेवटी, गोष्ट अर्धवट असताना दोन मिनिटं झाली आणि परीक्षकाने थांबवलं, तर गुण जात नाहीत. तिथेच थांबा. त्यानंतर ते याच विषयावर एक-दोन छोटे प्रश्न विचारतात. त्यांना एक-दोन वाक्यांतच उत्तर द्या, राहिलेली गोष्ट तिथे पूर्ण करायला जाऊ नका.