मैत्री ‘मागते’ की आपल्याला ‘सांगवत नाही’?

प्रश्न: एका मैत्रिणीबद्दल लिहितेय. आधी ऑफिसातली नुसती ओळख होती, पंचेचाळिशीनंतर कधी एवढी जवळीक झाली कळलंच नाही. ‘आमची मैत्री दृढ झाली’ लिहिलं की भाषण वाटतं, ‘खोल झाली’ लिहिलं की कसंतरीच. आणि पुढे ‘ही मैत्री माझ्याकडून काय मागते’ असं वाक्य आहे ते तर सरळ इंग्रजीतून उचलल्यासारखं वाटतंय. मराठीत काय म्हणायचं?

‘दृढ’ काढाच. दृढ निश्चय असतो नाहीतर दोन देशांचे संबंध असतात, दोन बायका जिन्यात उभ्या राहून अर्धा तास बोलतात त्याला दृढ म्हणायचं म्हणजे मध्ये शिष्टमंडळ आलंच. ‘खोल’ का खटकतंय तेही सांगतो. आपल्याकडे पाणी खोल, जखम खोल, आवाज खोल गेलेला, पण माणूस खोल म्हटलं की लगेच संशय येतो, ‘फार खोल आहे हो तो’ हे काही कौतुक नव्हे. मग मैत्री खोल म्हटली की वाचणारा जरा थबकतो. ‘गाढ’ चालेल, पण गाढ मैत्री म्हणजे झालेली, पूर्ण मैत्री, ती कशी कशी होत गेली ते त्या शब्दात दिसत नाही. मला विचाराल तर ‘दाट’ हा शब्द आपण उगाच विसरत चाललोय. दाट ओळख म्हणतो ना आपण, तसंच. धुकं दाट होत जातं तेव्हा कोणत्या मिनिटाला दाट झालं ते सांगता येत नाही, तुमचं प्रकरण तेच दिसतंय.

आणखी एक आहे ‘मुरणे’. पाऊस जमिनीत मुरतो, ताप अंगात मुरतो, सुरांत मुरलेला गवई असतो. सगळीकडे वरून काही दिसत नाही आणि आत काम चालू असतं. ‘आमची मैत्री मुरत गेली’ हे मला तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं वाटतं. फक्त चुकून पाण्याला मध्ये आणू नका, ‘आमच्यात काहीतरी पाणी मुरत होतं’ लिहिलंत तर लोक समजतील तुम्ही दोघींनी मिळून ऑफिसात काहीतरी घोटाळा केला.

पण खरी गंमत शब्दात नाही, त्याच्या शेपटीत आहे. तुम्ही ‘झाली’ लिहिलंय. ‘मैत्री झाली’ म्हणजे एका दिवशी झाली, कॉलेजात होते तशी, पहिल्या दिवशी बाकावर शेजारी बसलो आणि झाली. तुम्हाला हवंय ‘होत गेली’. ‘जाणे’ लावलं की क्रियापद चालू राहतं, कुणी मुद्दाम काही करतंय असं वाटत नाही, दिवस जात होते आणि त्यांच्यासोबत हेही होत गेलं. याच जागी ‘येणे’ लावून बघा, ‘मैत्री घट्ट होत आली’, लगेच बरणीचं झाकण आठवतं, अजून अर्धा आटा बाकी असल्यासारखं. पन्नाशी होत आली, काम संपत आलं, म्हणजे ‘त येणे’ शेवटाजवळ नेतं. तुमच्या मैत्रीचा शेवट काही जवळ आलेला नाही, तेव्हा ‘गेली’च ठेवा.

आणि हे ‘कळलंच नाही’ प्रकरण मराठीला फार जुनं आहे बरं का. लळा लागतो, गाठ पडते, सवय पडते, जीव जडतो. यातलं एकही आपण ‘करत’ नाही, ते आपल्याला होतं. पसायदानातली ओळ बघा, ‘भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें’. 1290 मधली मराठी. तिथेही लोकांनी एकमेकांशी मैत्री करावी असं म्हटलेलं नाही, मैत्र पडो म्हटलंय, गाठ पडावी तसं. त्यामुळे तुमच्या पहिल्या वाक्यात ‘आम्ही’ कर्ता करू नका एवढंच सांगेन, ‘आम्ही जवळ आलो’ लिहिलंत तर सगळं घालवाल.

आता ‘मागते’. हे अगदीच अमराठी आहे असं नाही हां, पीक पाणी मागतं, जुनं मशीन तेल मागतं असं आपण बोलतोच. पण त्यात मागणारी वस्तू काहीतरी खाऊन संपवणारी असते. मैत्रीला त्या जागी बसवलं की ती बिल घेऊन दारात उभी राहिल्यासारखी वाटते, आणि ‘माझ्याकडून’ने तर पार वसुली होते. मराठी सहसा हा भार मैत्रीवर टाकतच नाही, तुमच्याच क्रियापदावर टाकते. करावं लागतं, करायला हवं, केल्याशिवाय राहवत नाही, करवत नाही. या चारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तुमचा सगळा लेख त्या फरकात आहे असं मला वाटतं.

माझंच उदाहरण देतो, कारण हे मी लिहायला बसलो तेव्हाच माझ्या नीट लक्षात आलं. मित्र माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आमची ओळख झाली तेव्हा मी सेहेचाळीसचा, त्यामुळे सुरुवात रीतसर अहो-जाहोने. दोनेक वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की हा भलत्या ठिकाणी ‘हो हो’ म्हणतोय. मी म्हटलं, त्या दिवशी फार दमलो रे, तर हा हसून ‘हो हो, मस्तच’. चौघांत बसला की गप्प व्हायला लागला, आधी असा नव्हता. फोनवर मात्र सगळं ठीक, कारण फोन तो उजव्या कानाला लावायचा. म्हणजे डाव्या कानाने ऐकू कमी येत होतं आणि त्याला स्वतःला ते कळत नव्हतं किंवा कळून घ्यायचं नव्हतं. घरच्यांना वाटायचं लक्ष देत नाही. मला सहा महिने माहीत होतं आणि मी सहा महिने गप्प होतो.

हे लिहिताना मी पहिल्यांदा लिहिलं, ‘शेवटी मला त्याला सांगावं लागलं.’ वाचून बघितलं तर त्यात मी बिचारा आणि त्याचा कान ही माझी अडचण. ‘लागतं’ मध्ये जबरदस्ती बाहेरून येते, रांगेत उभं राहावं लागतं तशी. मग लिहिलं, ‘मी त्याला आधीच सांगायला हवं होतं.’ हे खरं होतं, पण हे आता मागे वळून म्हणतोय, शहाणा होऊन, त्या सहा महिन्यांत मला काय होत होतं ते यात येत नाही. तिसऱ्यांदा लिहिलं ‘माझ्यानं सांगवेना’, आणि तिथे थांबलो, कारण हेच होतं.

व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. मला चालवतं, बसवतं, बघवत नाही. धातूला ‘व’ लागला की करायची ताकद आहे की नाही असा अर्थ येतो. पण ही ताकद नुसती पायाची नसते. ‘मला जिना चढवत नाही’ यात गुडघा दुखतोय, ‘मला त्याच्याकडे बघवत नाही’ यात डोळे ठणठणीत आहेत. ‘सांगवेना’ म्हणजे तोंड आहे, शब्द आहेत, तो समोर बसलाय, आणि तरी होत नाही. त्यात ‘वेना’ने आणखी एक काम केलं. ‘सांगवलं नाही’ म्हणजे एकदा प्रयत्न फसला आणि संपलं. ‘सांगवेना’ म्हणजे रोज ठरवतोय आणि रोज फसतंय. सहा महिने त्या एका शब्दात बसले.

का सांगवेना, तर भीड. तुमच्या ‘काय मागते’ला एक नाम हवंच असेल तर माझं मत याला. भीड म्हणजे भीती नव्हे आणि लाजही नव्हे, समोरच्याचं मन आपल्याला एवढं मोलाचं वाटतं की नाही म्हणायला किंवा बोलायला जीभ रेटत नाही. भीड पडते (पुन्हा ‘पडते’ बघा), आणि मग ती मोडवत नाही. तरुणपणी मित्रांत ही नसते, तू बहिरा झालायस का रे म्हणून मोकळे झालो असतो. या वयात झालेल्या मैत्रीत ती असते, कारण दोघंही आपापलं वय, संसार, मान घेऊन आलेले असतात, आणि जवळीक वाढेल तशी भीड कमी होईल म्हणावं तर काही बाबतीत उलट वाढते. आता हरवायला काहीतरी असतं ना.

इथे दोन क्रियापदं नीट वापरा. ‘भीड चेपणे’ म्हणजे सवयीने संकोच हळूहळू जाणं, ती आपोआप चेपते, कर्ता नको. त्याच्या घरी न सांगता जाणं, फोनवर ‘बोल’ एवढंच म्हणणं, ही चेपलेली भीड. ‘भीड मोडणे’ला मात्र कर्ता लागतो, ती कुणीतरी मुद्दाम मोडतो आणि मोडल्याचा आवाज होतो. मी मोडली ती एका जिन्यावर. उतरताना म्हटलं, ‘तुला डाव्या कानानं कमी ऐकू येतंय.’ तर हा म्हणाला, ‘काय?’ मी त्याच्या डाव्याच बाजूला होतो. पुन्हा मोठ्यांदा सांगावं लागलं, खालून वर येणारे दोघं बघायला लागले. (इथे ‘लागलं’ अगदी चपखल आहे, जबरदस्ती खरंच बाहेरची होती.) तो दोन मजले काही बोलला नाही. पुढचे तीन आठवडे फोनही नाही. मग एक दिवस आला, ‘तपासून आलो, मशीन लावायला सांगितलंय, सोबत येतोस का घ्यायला.’ त्या ‘येतोस’मध्ये तू पहिल्यांदा आलं, तोवर मीच एकटा तू म्हणत होतो आणि तो मला अहो. तुमच्याही बाबतीत असं काही घडलं असेल तर ‘आम्ही एकेरीवर आलो’ असं कृपा करून लिहू नका, एकेरीवर माणसं भांडणात येतात. ‘तुम्हीचं तू झालं’ लिहा.

तर तुमचं वाक्य. ‘ही मैत्री माझ्याकडून काय मागते’ काढून टाका आणि तिच्याबाबतीत तुम्हाला काय करवत नाही ते एक शोधा. विचारवत नसेल, नाही म्हणवत नसेल, पैसे परत मागवत नसतील, तिच्या नवऱ्याबद्दल खरं बोलवत नसेल, काहीही. ते एक क्रियापद घ्या, ‘ना’ लावा आणि तिथून लेख पुढे न्या. ‘ऋणानुबंध’ सुचला तर निरोपसमारंभाला ठेवून द्या. आणि वय सांगताना ‘चाळिशीतली मैत्री’ लिहिणार असाल तर एकदा वाचून बघा, माझ्या बायकोने ‘चाळिशी कुठे ठेवलीस’ असं विचारलं की मी अजूनही चष्माच शोधायला लागतो.