भरितासाठी अंगणातला वाफा

प्रश्न: जळगावला अंगणात छोटा वाफा आहे, हिवाळ्यात घरी सतत भरीत होते, तर काय लावावे?

उत्तर: भरताच्या हिरव्या वांग्यांची चार रोपे, दोन मिरच्या, पातीचा कांदा आणि कोथिंबीर एवढेच लावा, मात्र सगळे एकाच दिवशी लावू नका. आमच्या वाफ्यातला अनुभव असा की वांग्याचे बी टाकल्यापासून पहिले फळ यायला सुमारे साडेतीन महिने लागतात आणि कोथिंबीर दीड महिन्यात काढणीला येते, त्यामुळे दोन्ही एकदम पेरल्यास वांगी धरण्याआधीच कोथिंबीर फुलावर जाते. म्हणून वांगी व मिरचीचे बी जुलैत टाकावे, महिन्याभराने वांग्याची रोपे अडीच फुटांवर लावावीत आणि मधल्या जागेत ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी मूठभर धने हलके रगडून, दोन फाका करून पेरावेत. पातीसाठी बी नको. घरातलेच लहान कांदे पुरले की महिन्याभरात पात मिळते. एक मात्र पाहावे: वांग्याचा कोवळा शेंडा सकाळच्या गारव्यातही मान टाकून असेल, तर पाणी वाढवू नये, कारण आत बहुधा अळी असते, तो शेंडा दोन बोटे खालून खुडून जाळावा.