आधी उशिराचा नियम लिहा

सर, शाळेच्या आचारसंहितेचा मसुदा करायला बसलात की एकदम वीस कलमं काढू नका. एकच नियम नीट लिहा, उशिरा येण्याचा. नुसतं 'उशिरा येऊ नये' नको. लिहा, 'परिपाठाआधी आपण वर्गात असतो, कारण पहिल्या तासाचं पुन्हा सांगताना सगळ्यांचाच वेळ जातो.' ज्या नियमाचं कारण लिहिता येत नाही, तो सोडूनच द्या.

मग पायऱ्या. पहिल्यांदा उशीर झाला तर बाजूला घेऊन विचारा, चारचौघांत नाही. परत झाला तर मधल्या सुट्टीत, खिचडी खाऊन झाल्यावर, बुडालेलं काम करून घ्या. तरी थांबलं नाही तर घरच्यांशी बोला. उठाबशा, वर्गाबाहेर उभं करणं कुठेच लिहू नका; शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. आठवीपर्यंत शाळेतून काढण्याची धमकीही कलम १६ मुळे देता येत नाही.

आता बीडकडची सातवीतली एखादी पोरगी धरा. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ. धाकट्याला अंगणवाडीत सोडून येते, म्हणून रोज दहा मिनिटं उशीर. तिला पायऱ्या लावणं अन्यायच आहे. अंगणवाडीच्या ताईंशी बोलून वेळ जुळवा. मसुद्यात एक ओळ हवीच: कारण मुलाच्या हातात नसेल तर पायरी मोजायची नाही. नोंदवहीत तारीख, कारण आणि आपण काय केलं ते लिहा. महिन्याला सगळ्या नोंदी शेजारी ठेवून बघा. सारख्याच उशिराला सरपंचाच्या पोराला सूट दिसली, तर आधी मास्तरांची बैठक घ्या.