परत आलेले टॉवेल, क्रेडिट नोट आणि पुण्याच्या पार्टीला पाठवायचा मेल

प्रश्न : वकीलसाहेब, अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, उद्यम नोंदणी आहे. पुण्याच्या एका पार्टीला 5 जानेवारी 2026 च्या बिलाने 200 डझन टॉवेल दिले. 150 रुपये नग, अधिक 5 टक्के जीएसटी, एकूण 3,78,000 रुपये. एक लाख ॲडव्हान्स मिळाला होता, बाकीला 30 दिवसांची मुदत. माल 7 तारखेला पोचला. 16 तारखेला व्हॉट्सॲप आलं की, मरून रंगाच्या 60 डझनांचा पहिल्याच धुण्यात रंग सुटतोय. मी माल परत मागवला. 2 फेब्रुवारीला आला, पण मोजला तर 700 नगच भरले, 20 कमी. धुऊन पाहिला, रंग खरंच सुटतो. आता पार्टीने 1,63,400 ची डेबिट नोट पाठवलीय. त्यात 60 डझनांचे पैसे आणि त्यांच्या गिऱ्हाईक हॉटेलने त्यांचे पैसे कापले म्हणून 50,000. बाकीचं पेमेंटही अडवलंय. सीए म्हणतात क्रेडिट नोट काढा. पार्टीला मेल काय लिहू, की उद्या तो माझ्याच अंगावर येणार नाही?

उत्तर : आपल्या बाजारात अशा वेळी एकच वाक्य चालतं : "पुढच्या बिलात वळतं करून घेऊ." तुम्ही ते म्हणाला नाहीत हे फार बरं केलंत. त्या वाक्यात किती नग, किती रुपये आणि कशाबद्दल, यातलं काहीच ठरत नाही आणि सहा महिन्यांनी दोघांच्या वह्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

आधी आकडा. क्रेडिट नोट तुमच्या दारात आलेल्या मालाचीच काढा, पार्टीच्या डेबिट नोटवर लिहिलेल्या मालाची नाही. 700 नग गुणिले 150 म्हणजे 1,05,000 आणि त्यावर 5,250 जीएसटी, एकूण 1,10,250. उरलेल्या 20 नगांची किंमत करासह 3,150 होते. ते बहुधा हॉटेलात धुतले गेले आणि तिथेच राहिले. माझं मत विचाराल तर या रकमेसाठी भांडू नका. जीएसटी कायद्याचं कलम 34 माल परत आला तरी आणि माल सदोष निघाला तरी क्रेडिट नोट काढू देतं, तेव्हा पार्टीने त्या नगांचा हिशेब लिहून दिला की दुसरी छोटी नोट काढता येईल. आज मात्र न आलेला माल आला असं लिहू नका. स्टॉक रजिस्टर आणि क्रेडिट नोट जुळली नाही, तर तो प्रश्न पार्टीला नाही, तुम्हाला विचारला जाईल.

पार्टीच्या डेबिट नोटने तुमचा कर कमी होत नाही. तो फक्त तुम्ही काढलेल्या क्रेडिट नोटने होतो. तिच्यावर स्वतंत्र अनुक्रमांक, तारीख, दोघांचे जीएसटी क्रमांक, मूळ बिलाचा क्रमांक व तारीख, किंमत, कराचा दर व रक्कम आणि सही लागते. ती ज्या महिन्यात काढाल त्या महिन्याच्या जीएसटीआर-1 मध्ये दाखवा. बिल 2025-26 चं असल्यामुळे शेवटची मुदत 30 नोव्हेंबर 2026, आणि वार्षिक विवरण त्याआधी भरलंत तर त्या तारखेपर्यंतच.

खरी मेख पुढे आहे. पार्टीने तुमच्या बिलावर 18,000 रुपयांचं इनपुट क्रेडिट घेतलं असणार. त्यातले 5,250 तिने उलटवले नाहीत, तर तुम्हाला करात सूट मिळत नाही. 2025 च्या वित्त कायद्याने हे कलमातच घातलं आहे. शिवाय पोर्टलवर आता इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम आहे. तिथे पार्टीने तुमची क्रेडिट नोट रिजेक्ट केली की तेवढा कर तुमच्या पुढच्या जीएसटीआर-3बी मध्ये परत चढतो. रागावलेली पार्टी हे मुद्दाम करते किंवा तिचा अकाउंटंट "आमची डेबिट नोट 1,63,400 ची आहे, ही जुळत नाही" म्हणून करतो. म्हणून मेलमध्ये हे सरळ मागायचं.

आता ते 50,000. ते या क्रेडिट नोटमध्ये घालू नका, उद्या द्यायचे ठरलं तरीही नाही. क्रेडिट नोट मालाच्या किमतीबद्दल असते. हॉटेलने पार्टीचे पैसे कापले, तर ती नुकसानभरपाई झाली आणि तिचा तुमच्या टॉवेलच्या करपात्र किमतीशी संबंध नाही. ती देणं लागता का, हे करार कायद्याच्या कलम 73 वर ठरेल. करार मोडल्याने नेहमीच्या ओघात होणारं किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेलं नुकसान मिळतं, लांबून ओढून आणलेलं मिळत नाही. तेव्हा कपाटातली ऑर्डर काढून वाचा. तिच्यात हॉटेलचं नाव, पुरवठ्याची तारीख किंवा दंडाची अट असेल तर पार्टीची बाजू भक्कम आहे. नुसती "मरून 60 डझन" असं असेल तर फार कमजोर आहे. दोन्ही बाबतींत हॉटेलने खरोखर पैसे कापल्याचा कागद दाखवणं पार्टीच्या अंगावर आहे.

आता मेल. जवळजवळ असाच पाठवा :

"नमस्कार.
विषय : दि. 5-1-2026 चे बिल, मरून टेरी टॉवेल.
आपण दि. 16-1-2026 रोजी कळवल्याप्रमाणे मरून रंगाचा माल परत मागवला. दि. 2-2-2026 रोजी 700 नग मिळाले. आपल्या चलनावर 720 नग आहेत, 20 नग मिळालेले नाहीत. मिळालेल्या मालातील नमुने धुऊन पाहिले असता रंग सुटत असल्याचे दिसले. हे 700 नग आम्ही परत स्वीकारत आहोत. त्यापोटी 1,05,000 रुपये व जीएसटी 5,250 रुपये मिळून 1,10,250 रुपयांची क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. 20 नगांचा तपशील कळवल्यास त्याचा निर्णय वेगळा घेऊ.
आपली तक्रार फक्त मरून मालाबद्दल होती. उरलेल्या 140 डझनांबद्दल कोणतीही लेखी हरकत आलेली नाही. क्रेडिट नोट आणि मिळालेला एक लाख वजा जाता 1,67,750 रुपये येणे आहे. त्यातील 20 नगांचे 3,150 रुपये तूर्त बाजूला ठेवून 1,64,600 रुपये बिलाच्या मुदतीप्रमाणे द्यावेत.
आपल्या डेबिट नोटमधील 50,000 रुपयांची मागणी आम्ही मान्य केलेली नाही. तिचा आधार असलेली कागदपत्रे पाठवावीत.
सोबतची क्रेडिट नोट पोर्टलवर स्वीकारून 5,250 रुपयांचे इनपुट क्रेडिट उलटवावे आणि मरून मालाच्या किमतीबद्दलची आपली मागणी यात मिटली, तसेच वरील बाकी बरोबर आहे, असे या मेलच्या उत्तरात लिहावे."

यात 'रंग सुटत असल्याचे दिसले' एवढंच आहे. 'आमची चूक झाली', 'होईल ते नुकसान भरून देऊ' हे नाही. दिलगिरी फोनवर व्यक्त करा, त्याने संबंध टिकतात. मेलमध्ये वस्तुस्थिती लिहा, कारण लिहू नका. सूत तुम्ही बाहेरच्या डाईंगवाल्याकडून रंगवून घेतलं असेल, तर कारण त्याच्याकडे असण्याची शक्यता मोठी आहे. तुम्हीच 'आमच्या प्रक्रियेतील दोष' असं लिहून दिलंत, तर तो कागद तो तुमच्यापुढे धरेल. उलट, रंग सुटतच नाही असं लिहिण्यातही शहाणपण नाही. पार्टीकडे एखादा टॉवेल नक्की उरलेला असेल.

काही जण अशा प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'हक्क अबाधित राखून' असा शिक्का मारतात. इथे मारू नका. तडजोडीच्या बोलण्यावर तो मारतात, म्हणजे ते बोलणं कोर्टात पुरावा म्हणून येऊ नये. हा मेल तर उद्या तुम्हालाच पुरावा म्हणून दाखवायचा आहे. 50,000 पैकी दहा-पंधरा हजार देऊन विषय संपवायचा विचार असेल, तर ते बोलणं वेगळ्या मेलवर करा आणि शिक्का तिथे मारा.

140 डझनांचं वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिलं आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात पैशांची मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. हरकत आली, तर ती दूर केल्याचा दिवस. पार्टीचं व्हॉट्सॲप नवव्या दिवशी आलं, तेव्हा मरूनपुरती हरकत वेळेत आहे. पण त्या हरकतीच्या आडून पार्टी सगळ्या बिलाची मुदत पुढे ढकलेल. हरकत फक्त मरूनची होती हे तुमच्या मेलने नोंदवलं, की बाकी मालाचे 30 दिवस 7 जानेवारीपासूनच धावतात, म्हणजे 6 फेब्रुवारीला संपतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. पार्टी पूर्ण बिल वादात होतं असा युक्तिवाद करेल. म्हणून तिचं मूळ व्हॉट्सॲप फोनमधून पुसू नका, फोनही बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

मेलचं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे, पण तुम्ही लिहिल्याने ते पुरं होत नाही. 'मागणी मिटली' हे पार्टीने लिहायला हवं. तोवर क्रेडिट नोट खिशात घालूनही ती उरलेल्यासाठी भांडू शकते. आणि बाकी बरोबर असल्याचं तिचं उत्तर दाव्याची मुदत संपण्याआधी आलं, तर ती देण्याची लेखी कबुली धरली जाते आणि दाव्याची तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजतात. उत्तर नाहीच आलं, तर आठ दिवसांनी तोच मेल जोडून एक ओळीचं स्मरण पाठवा आणि छापील प्रत स्पीड पोस्टाने.

एक राहिलं. माल परत येताना चलनावरची किंमत करासह 1,13,400 होती. राज्यात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागतं. ट्रान्सपोर्टवाल्याने ते काढलं होतं का, बघा. काढलं असेल तर बिल्टीबरोबर फाइलला लावा. आणि त्या 700 नगांतले दहा-बारा न धुतलेले टॉवेल, लॉटच्या चिठ्ठीसकट, सील करून बाजूला ठेवा. बाकीचे सेकंड म्हणून विकायचे असतील तर विका, पण आधी डाईंगवाल्याला लेखी कळवून माल पाहायला बोलवा. तो आला नाही, तरी बोलावल्याचा कागद तुमच्याकडे राहील.