पोट भरतं, पण प्रथिनं पुरतात का?

"सातवा महिना संपत आलाय. दुपारी अगदी तडस लागेपर्यंत जेवते, भातही आधीपेक्षा जास्त घेते. तरी घरचे म्हणतात, अजून घे, दोघांचं जेवायचंय. वाढलेली गरज माझ्या जेवणातून भागते की नाही, हे कळायचं कसं?"

पोट भरलं म्हणजे गरज भागली, असा हिशेब गरोदरपणात चुकतो. कॅलरी आणि प्रथिनं या दोन्हींची गरज वाढते, पण सारखी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समित्यांनी शेवटच्या तिमाहीसाठी दिवसाला सुमारे 475 कॅलरी आणि 31 ग्रॅम प्रथिनं जास्तीची धरली आहेत. दुसऱ्या तिमाहीत हेच आकडे 285 आणि 10 च्या आसपास असतात, आणि पहिल्या तिमाहीत इतके थोडे की ताट बदलायची गरज नसते. देशोदेशींच्या तक्त्यांत थोडाफार फरक असतो, पण बऱ्याच तक्त्यांत शेवटच्या महिन्यांत प्रथिनांची उडी मोठी असते.

या ताईंचं गरोदरपणापूर्वीचं वजन 55 किलो, उंची 158 सेंटिमीटर, काम बैठं. त्यांची आधीची गरज साधारण 1900 कॅलरी होती. प्रथिनं किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 46 ग्रॅम. आता तिसाव्या आठवड्यात ती 2375 कॅलरी आणि 77 ग्रॅमवर आली. कॅलरी पाव पटीनं वाढल्या, प्रथिनं मात्र दोनतृतीयांशानं. आधीचंच जेवण थोडं जास्त खाऊन हे गणित जुळत नाही, ते इथेच कळतं. दुपारच्या जेवणात दिवसाचा तिसरा हिस्सा धरला, तर ताटात सुमारे 800 कॅलरी आणि 25 ग्रॅम प्रथिनं हवीत.

मग ताट मोजायला घेतलं. शिजलेला भात 250 ग्रॅम, एक वाटी पातळ मसूर डाळ, 150 ग्रॅम बटाट्याची भाजी, सगळ्यात मिळून दोन चमचे तेल आणि शेवटी एक केळं.

डाळीपाशी गाडी अडली. वाटीचं वजन करून काही हाती लागत नाही, कारण वाटीत डाळ किती आणि पाणी किती हे दिसत नाही. त्यासाठी पातेल्यात पडलेली कोरडी डाळ मोजायची आणि तिच्या किती वाट्या झाल्या हे पाहायचं. त्यांच्या पातेल्यात 120 ग्रॅम डाळ पडत होती आणि सहा वाट्या निघत होत्या. म्हणजे वाटीला 20 ग्रॅम. मसुरात शंभर ग्रॅमला 24-25 ग्रॅम प्रथिनं असतात, तेव्हा त्या वाटीतून मिळाली 5 ग्रॅम. त्यांनी मनात धरली होती 10.

भाताची चूक उलटी होते. पिशवीवरचे आकडे कोरड्या तांदळाचे असतात, आणि तांदूळ शिजून जवळपास तिप्पट वजनाचा होतो. शिजलेल्या 250 ग्रॅम भाताला कोरड्या तांदळाचा आकडा लावला, तर 325 ऐवजी पावणेनऊशे कॅलरी येतात आणि प्रथिनंही अडीच पटीनं फुगतात. मोबाइलवर नोंद ठेवणाऱ्यांची सर्वांत मोठी गफलत हीच. शिजलेलं मोजलं तर शिजलेल्याचाच आकडा लावायचा.

नीट बेरीज अशी आली: भाताच्या 325 कॅलरी आणि 7 ग्रॅम प्रथिनं, डाळीच्या 70 आणि 5, बटाट्याच्या 130 आणि 3, तेलाच्या 90 आणि शून्य, केळ्याच्या 105 आणि 1. एकूण 720 कॅलरी, 16 ग्रॅम प्रथिनं. कॅलरींची तूट किरकोळ, दुपारच्या खाण्यात भरून निघेल अशी. प्रथिनं मात्र नऊ ग्रॅमनं कमी.

आता घरच्यांचा सल्ला लावून पाहू. आणखी 150 ग्रॅम भात वाढला, तर 195 कॅलरी वाढतील आणि प्रथिनं फक्त 4 ग्रॅम. कॅलरी नऊशेच्या वर जातील, प्रथिनं विसावरच अडकतील. शिवाय या महिन्यांत गर्भाशय जठराला वर ढकलत असतो, तेवढी जागाही नसते. तडस लागते ती त्यामुळेच. म्हणून ताटात भर घालण्यापेक्षा अदलाबदल बरी.

भाताला हातच लावला नाही. डाळ घट्ट करून वाटीला 40 ग्रॅम केली, बटाटा निम्मा केला, आणि एक उकडलेलं अंडं किंवा 150 ग्रॅम साधं दही वाढवलं. अंडं असेल तर केळं धरून 800 कॅलरी आणि 25 ग्रॅम, दही असेल तरी जवळपास तेवढंच. केळं जेवणानंतर लगेच न खाता चार वाजता ठेवलं. दिवसाच्या हिशेबात ते येतंच, जेवणाचा भार तेवढा कमी होतो.

अंडं किंवा दही यांचा आग्रह नुसत्या ग्रॅमसाठी नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळ ती कसर भरून काढते. पण वनस्पतींमधली प्रथिनं पचून शरीराला थोडी कमी मिळतात. दोन्ही नको असतील तर डाळ आणखी वाढवावी, आणि 25 ऐवजी 27-28 ग्रॅमचं लक्ष्य धरावं. प्रथिनांची पावडर मात्र त्यांना सुचवली नाही. गरोदरपणात जास्त प्रथिनांचं पूरक देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शनात आहे. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल, तर वरचे आकडे लावण्याआधी डॉक्टरांशी बोलावं लागतं.

त्यांनी रक्ताचा रिपोर्टही आणला होता. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन थोडं खाली होतं, आणि प्रथिनं कमी खाल्ल्याचा हाच पुरावा असं त्यांना वाटत होतं. गरोदरपणात रक्तातला द्रवभाग वाढतो आणि त्यामुळे अल्ब्युमिन पातळ होऊन एरवीपेक्षा कमी दिसतं. त्यावरून ताट ठरवता येत नाही.

कॅलरींची खातरजमा वजनकाट्यावर होते. त्यांच्या बांध्याला या काळात आठवड्याला 350 ते 500 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. काम बैठं असेल आणि वजन त्याहून भरभर वाढत असेल, तर 475 चा आकडा त्या बाईसाठी जास्त आहे असं समजून भात किंवा तेल कमी करावं, डाळ नाही. प्रथिनांसाठी घरी असा काटा नाही, म्हणून तीन दिवसांची नोंद करायची, त्यात एक सुट्टीचा दिवस धरायचा, आणि मग सरासरी पाहायची.

पुढच्या भेटीत ताईंचं वजन दोन आठवड्यांत 900 ग्रॅमनं वाढलेलं होतं. नोंदीत दुपारची प्रथिनं मात्र 21 ग्रॅम निघाली. घट्ट डाळीनं जळजळते म्हणून पातेल्यात पुन्हा पाणी वाढलं होतं आणि वाटी एकच राहिली होती. मग डाळ पातळच ठेवली आणि दोन वाट्या केल्या, एक जेवताना आणि दुसरी तासाभरानं, सूपसारखी पिऊन.