स्त्रियांबाबत भेदभाव नको म्हणणारा संयुक्त राष्ट्रांचा सीडॉ करारच स्त्रियांसाठी तात्पुरत्या विशेष सवलती चालतील म्हणतो. हा पुरुषांवर अन्याय नाही का? आणि ‘तात्पुरत्या’ म्हणजे किती वर्षं?

अन्याय नाही. कराराच्या कलम 4 मध्ये स्वच्छ लिहिलंय की प्रत्यक्षातली समानता लवकर यावी म्हणून केलेले तात्पुरते विशेष उपाय हा भेदभाव मानला जाणार नाही. ही नियमातून दिलेली सूटही नाही. करारावर देखरेख करणाऱ्या समितीने 2004 मध्ये जी 25 वी सर्वसाधारण शिफारस काढली, तिच्यात हे उपाय म्हणजे समानतेच्या कामाचाच भाग आहेत, अपवाद नव्हे, असं बजावलंय.

हा प्रश्न मी आमच्याच घरात, जेवायला बसल्यावर, अगदी याच सुरात ऐकलाय. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आम्ही शिवडीचे. माझे थोरले दीर एका पक्षाचे जुने कार्यकर्ते. महापालिकेच्या निवडणुकीची त्यांची तयारी पूर्ण झाली होती आणि सोडतीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. मग जे सगळीकडे होतं तेच झालं, तिकीट माझ्या जाऊबाईंना मिळालं. त्या सह्या करतील, कारभार दादाच बघतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. जाऊबाई निवडून आल्या आणि पहिले काही महिने तसंच चाललंही.

मग पाण्याची तक्रार आली. आमच्या मागच्या चाळीत वरच्या मजल्यावर पाणी चढतच नव्हतं आणि दुय्यम अभियंता दर वेळी ‘प्रेशर बरोबर आहे’ एवढंच सांगायचा. जाऊबाई पहाटे चावीवाल्याबरोबर गेल्या. त्याने रस्त्यावरचं झाकण उचलून व्हॉल्व्ह किती आटे फिरवला ते जाऊबाईंनी मोजलं, कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडलं ते वहीत टिपलं आणि ती वही घेऊनच प्रभाग समितीच्या बैठकीला गेल्या. मी सोबत होते. त्यांनी वेळा वाचून दाखवायला सुरुवात केल्यावर अभियंत्याला बोलायला जागाच उरली नाही. वेळ बदलून मिळाली. त्या दिवसानंतर लोक दादांकडे नाही, थेट त्यांच्याकडे यायला लागले. चाळीतल्या बायकांना पाणी कधी येतं, किती वेळ टिकतं, कोणाकडे साठवायला पिंप नाही, हे सगळं माहीत होतं. इतकी वर्षं त्यांना कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

पुढच्या निवडणुकीच्या सोडतीत वॉर्ड खुला निघाला. त्याच संध्याकाळी पक्षाचे लोक घरी आले. ‘वहिनी, तुमचं काम एक नंबर, पण आता वॉर्ड जेन्ट्सचा झाला ना.’ पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म दादांच्या हातात पडला. मी विचारलं, खुला म्हणजे कोणालाही लढता येतं ना? दादा म्हणाले, ‘तिला तिची संधी मिळाली, आता माझी. नाहीतर तो पुरुषांवर अन्याय नाही का?’ जाऊबाई काही बोलल्या नाहीत, उठून ताटं उचलायला लागल्या.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर याच प्रसंगात आहे. जाऊबाईंना अडवणारा एकही कायदा नव्हता. खुल्या वॉर्डात अर्ज भरायचा त्यांचा हक्क दादांइतकाच होता. ही झाली कागदावरची समानता. पण कराराचं कलम 1 नुसता हेतू बघत नाही, हेतू किंवा परिणाम बघतं. त्या लोकांच्या मनात बाईला डावलायचं होतं की नव्हतं, याने फरक पडत नाही. परिणाम असा की काम करून दाखवलेली नगरसेविका तिकिटाच्या यादीत आलीच नाही, कारण खुला वॉर्ड म्हणजे पुरुषांचा वॉर्ड हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. प्रत्यक्षातली समानता म्हणतात ती इथे मोजायची असते. आणि पक्ष खासगी संघटना आहे म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत. कलम 2 व्यक्ती आणि संघटना यांच्याकडून होणारा भेदभाव दूर करण्याची जबाबदारीही सरकारवरच टाकतं.

‘बाई खुल्या वॉर्डात निवडून येत नाही’ हे मी हजारदा ऐकलंय. याचा पडताळा आपल्याच मुंबईत घेतला गेलाय. राज्यशास्त्राचे अभ्यासक रिखिल भवनानी यांनी 1997 आणि 2002 च्या पालिका निवडणुका तपासल्या आणि 2009 मध्ये निष्कर्ष छापले. 2002 मध्ये जे वॉर्ड खुले होते त्यांचे त्यांनी दोन गट केले, 1997 मध्ये महिला राखीव असलेले आणि नसलेले. वॉर्ड चिठ्ठीने ठरतात, त्यामुळे ‘तिथले मतदारच वेगळे’ असं म्हणायला फारशी जागा नाही. आधी राखीव असलेल्या वॉर्डात बाई निवडून येण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या सुमारे पाचपट निघाली, आणि तीही एकाच मुदतीच्या आरक्षणानंतर. दादांना मी हे वाचून दाखवलं होतं. त्यांनी विषय बदलला.

आता ‘किती वर्षं’. समिती वर्षांचा आकडा देत नाही. अपेक्षित परिणाम साधला आणि काही काळ टिकून राहिला, की उपाय थांबवायचा. कलम 4 सुद्धा हेच सांगतं, उद्दिष्ट गाठलं की बंद, आणि कायमचे वेगळे निकष नकोत. म्हणून माझ्या मते सभागृहात एकूण बायका किती बसल्या हे मोजून उपयोग नाही. निम्मे वॉर्ड राखीव असतील तर निम्म्या बायका येणारच. मोजायचं ते खुल्या वॉर्डांत किती आल्या. वर सांगितलेल्या पाचपटीनंतरही खुल्या वॉर्डांत बहुसंख्येने पुरुषच आले होते, म्हणजे थांबायची वेळ तेव्हा तरी आली नव्हती. उलट 2023 च्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभेतल्या महिलांसाठीच्या एक तृतीयांश राखीव जागांना सुरुवातीपासून 15 वर्षांची मुदत घातली. घड्याळ लावून थांबवायची ही पद्धत मला पटत नाही.

आपल्याकडे एक गोची आणखी आहे. सोडत दर निवडणुकीला नव्याने निघते, त्यामुळे शहरात आरक्षण कायम राहतं, पण जी बाई काम शिकली तिच्या पायाखालचा वॉर्ड पाच वर्षांत निघून जातो. उपाय जिथे रुजायला लागतो तिथेच उपटला जातो.

हेही सांगायला हवं की ज्या एका पुरुषाचा वॉर्ड जातो त्याचं नुकसान खरं असतं. दादांनी त्या वॉर्डात आयुष्य घातलं होतं, ते मी नाकारत नाही. बाळंतपणाची रजा वगैरे मात्र यात मिसळू नका, ते कलम 4 च्या दुसऱ्या भागात येतं आणि तात्पुरतं नसतं. आणि मुंबईतलं आरक्षण सीडॉमुळे आलं असंही नाही. त्याचा आधार स्त्रियांसाठी विशेष तरतुदी करू देणारं घटनेचं कलम 15(3) आणि शहरी संस्थांत महिला आरक्षण आणणारी 74 वी घटनादुरुस्ती. ती दुरुस्ती 1 जून 1993 ला लागू झाली, करार भारताने मंजूर केला 9 जुलैला.

तुमच्या वॉर्डात पुढच्या वेळी सोडत खुली निघाली, तर आधीच्या नगरसेविकेचं नाव तिकिटाच्या चर्चेत आहे का, हे पक्षाच्या माणसाला चारचौघांत विचारा. नसेल तर का नाही, तेही त्याच्याच तोंडून ऐका.